हमीभाव

केंद्र सरकार काही ठरावीक पिकांसाठी हंगामाच्या तोंडावर जाहीर करते ती क्विंटलमागची किंमत. कागदोपत्री नाव ‘किमान आधारभूत किंमत’. बातम्यांत ‘एमएसपी’, ‘आधारभूत दर’ आणि ‘हमीभाव’ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने येतात. बाजार या किमतीखाली गेला तर नेमलेल्या संस्थांमार्फत या दराने माल विकत घेऊ, असे सरकार सांगते. व्यापाऱ्याने हा दर द्यायलाच हवा, असा त्याचा अर्थ नाही. सोलापुरात पेपर उघडणाऱ्या शहरी वाचकाचा घोटाळा बहुधा इथेच होतो, आणि त्याला थोडा शब्दही जबाबदार आहे.

मूळ कल्पनेत ‘आधार’ आहे, ‘हमी’ मराठीने घातली. हा शब्द नेमका केव्हा रुळला याविषयी ठाम विधान करणे कठीण. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. तीत खासगी खरेदीदाराला जागाच नव्हती आणि सरकारी दर हाच दर होता. त्या काळात शब्दाला आजचे वजन आले असावे, हे मत जास्त पटते. रोजगार हमीमागे १९७७ चा राज्याचा कायदा होता. हमीभाव मात्र आजही मुख्यतः प्रशासकीय निर्णय आहे. त्याला कायद्याचे बळ द्यावे, ही शेतकरी संघटनांची मागणी त्यातूनच आली.

प्रारंभ सामान्यतः १९६६-६७ च्या गव्हापासून धरतात. त्याआधी, १९६४ च्या झा समितीच्या शिफारशीनंतर, जानेवारी १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग स्थापन झाला होता. १९८५ पासून त्याचे नाव कृषी खर्च व मूल्य आयोग. सुरुवातीच्या वर्षांत ‘आधार किंमत’ आणि ‘खरेदी किंमत’ वेगवेगळ्या असत. पहिली पडत्या बाजारातला तळ होती, तर दुसरी रेशनचे धान्य उचलण्यासाठी दिलेली आणि सहसा जास्त. पुढे दोन्ही एकत्र झाल्या. जुने आकडे वाचताना हा फरक विसरला तर तुलना फसते. आज यादीत २२ पिके आहेत. आयोग शिफारस करतो, दर मंत्रिमंडळ ठरवते.

‘दीडपट हमीभाव’ या मथळ्याचा वाद खर्चाच्या व्याख्येचा आहे. बियाणे, खत, डिझेल, मजुरी, प्रत्यक्ष दिलेला खंड असा खिशातून गेलेला खर्च ‘ए-२’ म्हणून धरतात. घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल त्यात मिळवले की ‘ए-२ अधिक एफएल’ होते. स्वतःच्या जमिनीचा मानीव खंड आणि भांडवलावरचे व्याज धरले की ‘सी-२’. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपटीचे धोरण जाहीर झाले. हिशेब दुसऱ्या व्याख्येवर होतो. २०२४-२५ च्या सोयाबीनचा असा खर्च क्विंटलला ३,२६१ रुपये धरला होता. त्याची दीडपट ४,८९१ रुपये ५० पैसे, आणि जाहीर दर ४,८९२. म्हणजे सरकारचे गणित चुकत नाही. स्वामिनाथन आयोगाने खर्चावर किमान ५० टक्के म्हटले होते, तो खर्च कोणता हा प्रश्न आहे. संघटना सी-२ मागतात. जमीन स्वतःची असली तरी ती फुकट नसते, हे ध्यानात घेता त्यांची बाजू हलकी म्हणता येत नाही. मात्र खंडाचे मोल कसे लावायचे, हा त्यातला कच्चा दुवा आहे.

दर आणि हातात पडणारे पैसे यांत अंतर कसे पडते, ते उदाहरणाने पाहू. बार्शी भागातल्या एखाद्या शेतकऱ्याकडे २० क्विंटल सोयाबीन आहे, ओलावा १६ टक्के. व्यापारी आहे तसा माल ४,२०० ने घेतो आणि ८४,००० रुपये होतात. खरेदी केंद्रावर सोयाबीनची नेहमीची मर्यादा १२ टक्के. तिथे मूठभर दाणे ओलावामापकात टाकतात, आकडा पाहतात आणि माल परत पाठवतात. तो खळ्यावर वाळवून १२ टक्क्यांवर आणला की वजन सुमारे १९ क्विंटल ९ किलो भरते, कारण सुमारे ९१ किलो नुसते पाणी होते. ४,८९२ ने त्याचे साधारण ९३,४०० रुपये होतात. क्विंटलमागे ६९२ रुपयांचा दिसणारा फरक एकूण हिशेबात ९,४०० वर येतो. त्यातून वाळवणीची मजुरी आणि दुसऱ्या खेपेचे भाडे जायचे. शिवाय सातबारा, पीकपेरा आणि बँक पासबुक देऊन आधी नोंदणी करायची, मोबाइलवर निरोप येईपर्यंत थांबायचे, हेक्टरी उत्पादकतेच्या मर्यादेतच माल घालायचा. पैसे नंतर खात्यात येतात. दिवाळीची उसनवारी फेडायची असेल तर शेतकरी अडतीचा रस्ता धरतो, तो अज्ञानापोटी नव्हे. त्यामुळे ‘केंद्रे ओस’ किंवा ‘बारदाना संपला’ ही बातमी दराच्या बातमीइतकीच अर्थपूर्ण समजावी. २०२४ च्या हंगामात केंद्राने सोयाबीनची ओलावा मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. वरच्या उदाहरणातला माल त्यातही बसला नसता.

बाजारभावाच्या तक्त्यातला ‘किमान’ हा वेगळा शब्द आहे. तिथे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन रकाने असतात आणि किमान म्हणजे त्या दिवशीच्या लिलावातली सर्वांत पडती बोली, मग तो माल भिजलेला का असेना. हमीभावाशी तुलना करायची तर सर्वसाधारण दर घ्यावा. बातमीदारही कधीकधी किमान दर उचलून मथळा करतात.

सोलापूरच्या दृष्टीने ज्वारीची नोंद वेगळी करायला हवी. यादीत संकरित आणि मालदांडी असे दोन दर असतात. २०२४-२५ मध्ये अनुक्रमे ३,३७१ आणि ३,४२१ रुपये. मालदांडीचा प्रसिद्ध वाण एम ३५-१ याच जिल्ह्यातील मोहोळ येथे, बहुधा १९३० च्या दशकात, स्थानिक ज्वारीतून निवडला गेला. गंमत अशी, की ज्वारीचा दर खरीप यादीबरोबर जूनच्या आसपास जाहीर होतो आणि मंगळवेढ्याची ज्वारी पेरली जाते सप्टेंबर-ऑक्टोबरात.

ऊस या यादीत नाही. त्याला ‘एफआरपी’, म्हणजे रास्त व किफायतशीर दर. तो ऊस नियंत्रण आदेशाखाली येतो आणि कारखान्यावर बंधनकारक असतो. २००९ पर्यंत त्या जागी ‘वैधानिक किमान किंमत’ होती. ‘साखरेची एमएसपी वाढवा’ या बातमीतली एमएसपी तर तिसरीच: कारखान्याने साखर ज्याखाली विकू नये तो किमान विक्री दर. २०१८ मध्ये तो किलोला २९ रुपये ठरला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ झाला. ती मागणी कारखानदारांची असते, शेतकऱ्याचा संबंध लांबून येतो.

कांदा, डाळिंब, द्राक्षे यांना हमीभाव नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा किलोला एक रुपयाने गेला. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर २ रुपये ४९ पैसे उरले आणि धनादेश दोन रुपयांचा निघाला. त्या दिवशीचा भाव हमीभावापेक्षा किती खाली होता असे विचारताच येत नाही, कारण कांद्यासाठी तशी किंमत जाहीरच होत नाही.