दाखल्यावाचून प्रवेश अडतो का?

‘जुन्या शाळेचा दाखला आणल्याशिवाय नव्या शाळेत नाव घालता येत नाही.’

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ नेमकं उलट सांगतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. जुन्या मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा. टाळाटाळ केली तर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हे संरक्षण ६ ते १४ वयासाठी, पहिली ते आठवीपर्यंत आहे, आणि बदलीचा हा हक्क सरकारी व अनुदानित शाळांपुरता आहे. विनाअनुदानित शाळेवर तो सांगता येत नाही.

समजा, ऊसतोडीला बीडहून कोल्हापूरला आलेल्या कुटुंबातली चौथीची मुलगी नोव्हेंबरात जिल्हा परिषद शाळेत आली. सत्र सुरू झालंय हे कारण कलम १५ मुळे चालत नाही, जन्मदाखला नाही हे कलम १४ मुळे. वयासाठी अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचं प्रतिज्ञापन पुरतं. तिला आधी वर्गात बसवायचं, दाखला मागून मागवायचा.

खरी गाडी अडते ती ऑनलाइन नोंदीत: जुनी शाळा नाव सोडत नाही, म्हणून नवी शाळा हात वर करते. ते काम दोन शाळांचं आहे, मुलीला त्यासाठी घरी बसवणं बेकायदा. पालकांनी अर्ज लेखीच द्यावा आणि पोच घ्यावी. तरीही नकार आला, तर कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे किंवा महापालिकेकडे लेखी तक्रार करावी. निर्णयाला ३ महिन्यांची मुदत आहे. ऊसतोडीचा हंगाम तेवढ्यात बराचसा सरतो, म्हणून त्याच दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही गाठावं.