पाळण्याचे बारा दिवस: सोलापुरातील आजींच्या अंगाईची पार्श्वभूमी

सोलापुरात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होत असल्याने नवजात बाळाला पहिली अंगाई ऐकू येते ती आईच्या आईची. आजी जे गाते त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एक म्हणजे रोज झोपवताना गुणगुणायची, जमेल तशी लांबणारी अंगाई आणि दुसरा म्हणजे बारशाला चारचौघींत म्हणायचा पाळणा. दोन्हींच्या ओळी साध्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या असतात, पण त्या तशा का झाल्या हे पाळण्याच्या घडणीवरून अधिक स्पष्ट होते.

बायकांच्या गाण्याची नोंद या परिसरात बरीच जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरपासून फार लांब नाही. पुढे तेराव्या शतकातील मुक्ताबाईच्या नावावर जो पाळणा सांगितला जातो, त्यात निर्गुणाच्या डहाळीला पाळणा लावला असून त्यात वयोवृद्ध चांगदेव तान्ह्या मुलासारखा निजला आहे. हे रूपक श्रोत्यांना कळण्यासाठी घरातला पाळणा आणि त्याचे बोल त्यांच्या कानावर आधीच असले पाहिजेत. म्हणून देवांचे पाळणे आधी आणि घरचे नंतर, हा क्रम मला पटत नाही. रामनवमीला दुपारी आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री देवाला जोजवण्याची रीत घरातूनच देवळात गेली असावी.

बारशाचा पाळणा दिवसांच्या मोजणीवर उभा असतो. पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत प्रत्येक दिवसाला एक कडवे, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच पालुपद. त्या साच्याची कल्पना यावी म्हणून येथे काही ओळी नव्याने रचून देत आहे:

पहिल्या दिवशी उजळलं घर,
ओसरीत दिवा, आजीचा पदर,
जो बाळा जो जो रे जो.

पाचव्या दिवशी पाटा पुजिला,
कोरा कागद शेजारी ठेविला,
जो बाळा जो जो रे जो.

बाराव्या दिवशी बांधिला पाळणा,
आत्या नाव ठेवी, निज रे तान्हा,
जो बाळा जो जो रे जो.

पाचवीचे कडवे विधीशी नेमके जुळते. त्या रात्री पाटा-वरवंटा पुजून शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, कारण सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते अशी समजूत आहे. काही घरांत हाच विधी सहाव्या दिवशी होतो आणि मग गाण्यातला दिवसही एकाने सरकतो. दिवसांचा आकडा लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला क्रम आठवून देतो, तर पालुपद तिला पुढची ओळ जुळवायला वेळ देते. तेवढ्यात जमलेल्या बायका पालुपद उचलून धरतात आणि म्हणणारीला श्वास घेता येतो.

झोपवतानाची अंगाई मात्र झोक्याच्या मापाने चालते. ‘जो’मधला लांब ‘ओ’ एका झोक्याभर पुरतो आणि ‘जो जो’ म्हणताना पाळणा जाऊन परत येतो. ओळीत अक्षरे वाढली की लय झोक्याच्या मागे पडते, आणि मग अनुभवी आजी शब्द कमी करते, झोका जोरात देत नाही. बाळाचे डोळे मिटू लागले की कडवी गळतात, नुसते पालुपद उरते, आणि शेवटी तेही गुणगुणण्यात विरते. लाकडी पाळणा नसलेल्या घरात हेच काम जुन्या लुगड्याची झोळी करते. तिची दोरी लांब असेल तर झोका संथ पडतो आणि त्याबरोबर चालही संथ होते.

सोलापूरचे वेगळेपण असे की हे पालुपद येथे एका भाषेचे नाही. पंधराव्या शतकातील अन्नमाचार्यांच्या तेलुगू रचनांत आणि सोळाव्या शतकातील पुरंदरदासांच्या कन्नड पदांत कृष्णाला ‘जो जो’ म्हणतच निजवले आहे. शहराच्या पूर्व भागातील विणकर वस्तीत, जेथे तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या अनेक स्त्रिया घरीच विड्या वळत आल्या आहेत, तेथे सून कामाला बसली की झोळी आजीच्या हाती येते. अशा घरात कडवे तेलुगूत आणि शेजारणीचे मराठीत असले तरी पालुपद दोघींना एकत्र म्हणता येते. ते मुळात कोणी कोणाकडून घेतले, या वादात फारसे हाती लागत नाही, कारण अशी गाणी माहेरवाशिणींबरोबर गावोगाव फिरतात.

आता प्रसूती रुग्णालयात होते आणि पहिले काही दिवस तिथेच जातात. त्यामुळे पाळण्यातले सुरुवातीचे दिवस घरात घडलेलेच नसतात, तरीही बारशाला आजी पहिल्या दिवसापासूनच सुरुवात करते आणि रुग्णालयातल्या दिवसांनाही ओसरीतल्या दिव्याचेच कडवे लावते.