८.४ मीटरच्या नळीत पकडलेला वेग

एका इलेक्ट्रॉनला १५ एमईव्ही, म्हणजे दीड कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट, गतिज ऊर्जा दिली तर तो किती वेगाने पळेल? शाळेत पाठ केलेलं ½mv² वापरून गणित मांडलं तर उत्तर येतं प्रकाशाच्या वेगाच्या ७.६६ पट. आकडेमोडीत चूक नसते, चुकीचं सूत्रच असतं. ते कुठे आणि किती चुकतं हे एका माणसाने घड्याळ लावून दाखवलं, आणि मला तो प्रयोग फार आवडतो. त्याला आइन्स्टाइनच्या नावाची गरज लागत नाही. अंतर, वेळ आणि उष्णता एवढं मोजलं की झालं.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये विल्यम बर्टोझी यांनी हा प्रयोग केला आणि १९६४ साली त्याचे निकाल छापले. व्हॅन डी ग्राफ या कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून इलेक्ट्रॉनांचा एक छोटासा झोत सोडायचा, जेमतेम काही नॅनोसेकंदांचा. तो हवा काढून टाकलेल्या नळीतून ८.४ मीटर जाऊ द्यायचा. सुरुवातीला झोत एका लहान धातूच्या नळकांड्यातून जाताना एक विद्युत-संकेत उठतो, शेवटी तो ॲल्युमिनियमच्या चकतीवर आदळतो तेव्हा दुसरा. दोन्ही संकेत ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दिसतात आणि त्यांच्यामधलं अंतर म्हणजे प्रवासाला लागलेला वेळ. इथे एक बारकावा आहे. पडद्यापर्यंत येणाऱ्या दोन्ही केबल सारख्याच लांबीच्या ठेवल्या होत्या. केबलमधून संकेत यायलाही काही नॅनोसेकंद लागतातच, एक केबल मीटरभर लांब असती तरी सगळी मोजणी बिघडली असती.

प्रकाशाला ८.४ मीटर जायला सुमारे २८ नॅनोसेकंद लागतात. अर्ध्या एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनांना लागले ३२.३. दीड एमईव्हीच्यांना २९.२. पुढे रेखीय त्वरकाचा जोर देऊन ऊर्जा १५ एमईव्हीवर नेली तेव्हा लागले २८.०. ½mv² खरं असतं तर या शेवटच्या झोताने पावणेचार नॅनोसेकंदांच्या आतच चकती गाठायला हवी होती. तीसपट ऊर्जा ओतून वेळेत वाचले ते चारेक नॅनोसेकंद.

आता दीड एमईव्हीचा इलेक्ट्रॉन घेऊन योग्य रीतीने गणित करून बघू. इलेक्ट्रॉन स्वस्थ बसलेला असतानाही त्याच्याकडे वस्तुमानामुळे ०.५११ एमईव्ही ऊर्जा असते. हिला स्थिर ऊर्जा, mc², म्हणू. दिलेली गतिज ऊर्जा या पुंजीच्या किती पट आहे, यावर सगळा खेळ आहे. सूत्रं दोनच, त्यांत K म्हणजे गतिज ऊर्जा, v इलेक्ट्रॉनचा वेग, c प्रकाशाचा वेग आणि γ म्हणजे गॅमा:

γ = 1 + K/mc²

v/c = √(1 − 1/γ²)

१.५ भागिले ०.५११ म्हणजे २.९३५. त्यात एक मिळवला की गॅमा ३.९३५. त्याचा वर्ग साधारण १५.५, त्याचा व्यस्त ०.०६४६. एकातून वजा केले ०.९३५४, वर्गमूळ ०.९६७. म्हणजे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ९६.७ टक्के वेगाने जातो आणि ८.४ मीटरला त्याला २९ नॅनोसेकंद लागायला हवेत. बर्टोझींना मिळाले २९.२. जुन्या सूत्राने हाच वेग प्रकाशाच्या २.४२ पट येतो.

यातला तो ‘एक’ विसरणं ही सर्रास होणारी चूक. गॅमा म्हणजे एकूण ऊर्जा भागिले स्थिर ऊर्जा, आणि एकूण ऊर्जेत स्थिर ऊर्जाही धरायची असते. दीड एमईव्हीला ही चूक लपून जाते, कारण वेग ९४ टक्के येतो आणि तो पटण्यासारखाच दिसतो. पण अर्ध्या एमईव्हीला तीच चूक केली तर गॅमा ०.९७८ येतो आणि वर्गमूळाखाली ऋण संख्या उभी राहते. गॅमा एकापेक्षा कमी आला की थांबायचं आणि मागे जाऊन ‘एक’ शोधायचा. दुसरी चूक जरा फसवी आहे: जुन्याच सूत्रात वस्तुमानाच्या जागी γm घालून ½γmv² लिहायचं. आपल्याच इलेक्ट्रॉनवर ताडून बघा, उत्तर ०.९४ एमईव्ही येतं. दिले होते दीड.

तरी एक शंका उरते, आणि ती रास्त आहे. कशावरून इलेक्ट्रॉनला खरंच तेवढी ऊर्जा मिळाली? कदाचित वेगवान इलेक्ट्रॉनवर विद्युतक्षेत्राचा जोरच चालेनासा होत असेल आणि आपण उगाच १५ एमईव्ही दिल्याचं मानत असू. बर्टोझींनी याचंही उत्तर मोजून दिलं. शेवटच्या ॲल्युमिनियमच्या चकतीला त्यांनी तापमान मोजणारं थर्मोकपल जोडलं. चकती किती तापली यावरून तिच्यात किती ऊर्जा जिरली ते कळतं, आणि तिच्यावर किती विद्युतभार जमला यावरून किती इलेक्ट्रॉन आदळले ते. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की एकेका इलेक्ट्रॉनने आणलेली ऊर्जा मिळते. दीड एमईव्हीच्या झोताला उत्तर आलं १.६, साडेचारच्या झोताला ४.८. मोजणीतल्या चुकीच्या मर्यादेत दोन्ही आकडे जुळतात. ऊर्जा पोचली होती. ती वेगात मात्र दिसत नव्हती.

मग ती कशात दिसते? संवेगात. शाळेत संवेग म्हणजे mv शिकतो, खरा संवेग γmv. विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनला ढकलत राहतं तसा संवेग वाढतच जातो, तिथे छत नाही. वेग छताला टेकला की वाढ सगळी गॅमाच्या वाट्याला जाते. गतिज ऊर्जेवरून संवेग p थेट काढता येतो:

pc = √(K² + 2K·mc²)

दीड एमईव्हीला हे १.९४५ एमईव्ही येतं, पंधराला १५.५. वेग तीनेक टक्क्यांनी वाढला, संवेग आठपट झाला. हे डोळ्यांनी बघायचं तर झोत चुंबकात सोडायचा. ०.१ टेस्लाच्या क्षेत्रात पहिला इलेक्ट्रॉन साडेसहा सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळेल, दुसरा जवळपास ५२ सेंटिमीटरच्या. mv हाच खरा संवेग असता तर दोघेही पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास, जवळजवळ एकाच वर्तुळावर फिरले असते. शिवाय संवेग हाताशी असला की वेग काढायची सोपी वाटही मिळते, pc भागिले एकूण ऊर्जा. १.९४५ भागिले २.०११, पुन्हा ०.९६७. दोन वाटांनी तोच आकडा आला की गणित बरोबर असल्याची खात्री होते. मी तरी ही पडताळणी कधी सोडत नाही.

सगळं गणित K/mc² या गुणोत्तरावर चालतं, त्यामुळे नुसती ऊर्जा ऐकून वेगाचा अंदाज बांधता येत नाही. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या केंद्रात कर्करोगावर प्रोटॉनचे उपचार होतात. तिथल्या प्रकारच्या यंत्रात प्रोटॉनला २३० एमईव्हीपर्यंत ऊर्जा देतात, बर्टोझींच्या सर्वात तेज इलेक्ट्रॉनच्या पंधरापट. पण प्रोटॉनची स्थिर ऊर्जाच ९३८ एमईव्ही. गॅमा येतो अवघा १.२४५ आणि वेग प्रकाशाच्या साठ टक्क्यांना जेमतेम टेकतो. ½mv² इथे सत्तर टक्के सांगतं, म्हणजे चुकतं, पण प्रकाशाच्या पुढे जात नाही, म्हणून ही चूक पटकन लक्षातही येत नाही. एवढीच ऊर्जा इलेक्ट्रॉनला दिली तर त्याचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा दशलक्षात सुमारे अडीच भागच कमी राहतो.