एका मिनिटाचे उत्तर : ध्वनिमुद्रण पाठवण्यापूर्वी कृपया हे वाचावे

आमच्या मुलाखत व संभाषण वर्गाकडे सरावासाठी ध्वनिमुद्रणे पाठवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे पत्रक आहे. आयत्या वेळी विचारलेल्या प्रश्नाला एका मिनिटात उत्तर देताना मुद्दा, कारण, उदाहरण आणि समारोपाचे वाक्य असा क्रम ठेवायचा असतो, हे आपणा सर्वांना पहिल्याच तासिकेत सांगितलेले असते आणि बहुतेकांना ते पाठही असते. तरीही आमच्याकडे येणारी बरीचशी ध्वनिमुद्रणे दोन ते अडीच मिनिटांची असतात आणि त्यांसोबत एकच प्रश्न येतो, ‘सर, यातले काय कापू?’ या प्रश्नाचे उत्तर एकेकाला निरनिराळे लिहिण्याऐवजी येथे सविस्तर देत आहोत.

लांबलेल्या उत्तरातून कापण्याजोगे काही बहुधा नसते, कारण ते लांबण्याचे मूळ शेवटी नसून सुरुवातीलाच असते. प्रश्न कानावर पडताच मुद्दा ठरण्याआधी बोलणे सुरू होते, आणि डोके मुद्दा शोधत असेपर्यंत तोंडाला काहीतरी काम हवे म्हणून प्रस्तावना येते. शाळेतील निबंध आणि वक्तृत्व स्पर्धा यांमुळे अशी प्रस्तावना आपल्या जिभेवर तयारच असते. ‘तुमच्या गावासाठी एकच गोष्ट करायची संधी मिळाली, तर काय कराल?’ या नेहमीच्या प्रश्नाची सुरुवात पुष्कळ जण पुढीलप्रमाणे करतात.

‘आपला भारत हा खेड्यांचा देश आहे. आज आपण पाहतो की गावांमध्ये अनेक समस्या आहेत, जसं की रस्ते, पाणी, आरोग्य, शिक्षण. या सगळ्याच गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पण मला जर संधी मिळाली, तर मी सर्वप्रथम शिक्षणाच्या क्षेत्रात काहीतरी करण्याचा प्रयत्न करीन.’

एवढे बोलण्यात वीस-पंचवीस सेकंद जातात आणि तरीही उत्तर मिळालेले नसते, कारण ‘शिक्षणाच्या क्षेत्रात काहीतरी’ हा मुद्दा नव्हे. पुढे कारण द्यायचे तर ते कशाचे, हेच बोलणाऱ्याला ठाऊक नसल्यामुळे तो शिक्षणाचे महत्त्व सांगू लागतो, मग उदाहरण म्हणून एखाद्या थोर व्यक्तीचे नाव घेतो, आणि मिनिट उलटल्यावर कुठेतरी त्याला खरा मुद्दा सापडतो. अशा ध्वनिमुद्रणाची प्रस्तावना कापली, तर उरलेला भाग अर्धवट राहतो, आणि शेवट कापला, तर मुद्दाच निघून जातो. म्हणूनच आम्ही कापाकापी सुचवत नाही आणि उत्तर नव्याने बोलून पाठवण्यास सांगतो. काहींना हा कडकपणा वाटतो, हे आम्ही जाणून आहोत. परंतु दुरुस्त केलेले जुने उत्तर पाठ करून मुलाखतीला जाणाऱ्याची पंचाईत होते. तेथे प्रश्न वेगळा येतो आणि प्रस्तावनेची सवय मात्र तीच राहते.

आपल्या उत्तरात ही चूक आहे की नाही, हे स्वतःला तपासता येते. ध्वनिमुद्रण ऐकत ते जसेच्या तसे कागदावर उतरवावे आणि जे वाक्य फक्त याच प्रश्नाचे उत्तर म्हणून शोभेल, दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाला चालणार नाही, अशा पहिल्या वाक्याखाली रेघ मारावी. ते वाक्य कितव्या सेकंदाला सुरू होते, ते पाहावे. दहाव्या सेकंदाच्या आत असेल तर उत्तराचा पाया ठीक आहे. विसाव्या सेकंदानंतर असेल तर पुढचे कितीही चांगले असले, तरी ऐकणाऱ्याच्या दृष्टीने बराच वेळ वाया गेलेला असतो.

यावर उपाय म्हणजे प्रश्नानंतर तीन ते पाच सेकंद गप्प राहणे आणि त्या वेळात फक्त पहिले वाक्य मनात पूर्ण तयार करणे. उदाहरणाचा किंवा समारोपाचा विचार तेव्हा करू नये. गप्प बसलो तर उत्तर येत नाही असे वाटेल, अशी भीती अनेकांना असते. पण बोलणाऱ्याला ते पाच सेकंद जितके लांब वाटतात, तितके ऐकणाऱ्याला वाटत नाहीत, आणि हे स्वतःचेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या दिवशी ऐकले की कळते. मनात तयार झालेल्या वाक्याशी कोणी असहमत होऊ शकेल का, एवढे पाहावे. ‘शिक्षण महत्त्वाचे आहे’ याला कोणी नाही म्हणणार नाही, म्हणून तो मुद्दा होत नाही. ‘वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडे ठेवीन’ याला मात्र ‘त्यापेक्षा पाण्याची टाकी बांधा’ असे कोणीही म्हणू शकतो, म्हणून तो मुद्दा होतो.

ज्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पटतात, तेथे एक बाजू खोटीच धरण्याची गरज नाही. आपली अट पहिल्या वाक्यातच घालावी. शाळेत मोबाइल असावा का, या प्रश्नाला ‘दोन्ही बाजू आहेत’ असे म्हणून थांबण्यापेक्षा ‘दहावीपर्यंत वर्गात मोबाइल नसावा, पण शाळेच्या संगणक कक्षात शिक्षकांसमोर तो वापरू द्यावा’ असे म्हटले, तर मुद्दाही पक्का राहतो आणि आपले प्रामाणिक मतही सांगितले जाते.

आता गावाच्याच प्रश्नाचे पूर्ण उत्तर पाहू. हे बोलण्यासाठी आहे, म्हणून बोलण्याच्याच भाषेत देत आहोत.

‘गावच्या वाचनालयाची वेळ मी बदलेन आणि ते रात्री नऊपर्यंत उघडं ठेवेन. कारण ज्यांना अभ्यासासाठी जागेची खरी गरज आहे, ती मुलं दिवसा कॉलेजात किंवा कामावर असतात आणि ती मोकळी होतात तेव्हा वाचनालयाला कुलूप लागलेलं असतं. माझा चुलतभाऊ एमआयडीसीत जनरल शिफ्टला जातो आणि पोलीस भरतीचा अभ्यास करतो. तो साडेसहाला गावात पोहोचतो, वाचनालय सहाला बंद होतं. घरी दोनच खोल्या आणि टीव्ही चालू, म्हणून तो तालुक्याच्या अभ्यासिकेत महिन्याला सातशे रुपये भरतो आणि जाण्यायेण्यात रोज तासभर घालवतो. पुस्तकं मात्र गावातच, कुलपाआड पडून आहेत. म्हणून नवी इमारत मागण्याआधी आहे त्याच वाचनालयाला तीन तास जास्त द्यावेत, असं मला वाटतं.’

हे 92 शब्द आहेत. मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द हा मराठीत सावकाश, स्पष्ट बोलण्याचा वेग धरला, तर हे उत्तर सुरुवातीच्या थांबण्यासह साधारण मिनिटात बसते. त्यातील 11 शब्द मुद्द्याचे, 23 कारणाचे, 44 उदाहरणाचे आणि 14 समारोपाचे आहेत. म्हणजे निम्म्याच्या आसपास वेळ उदाहरणाला मिळाला आहे, आणि तो मिळायलाच हवा, कारण ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते ते उदाहरणच. प्रस्तावनेत वीस सेकंद गेले की नेमका त्याचाच वेळ खाल्ला जातो.

कारण सांगताना एक गोष्ट पाहावी. मुद्दाच दुसऱ्या शब्दांत पुन्हा येत नाही ना? ‘वाचनालय उशिरापर्यंत उघडे ठेवावे, कारण ते उघडे असणे गरजेचे आहे’ यात कारण नाही. आपल्या वाक्याला मनात पुन्हा ‘का?’ विचारावे, वरील उत्तरात गरज असणाऱ्यांची मोकळी वेळ आणि वाचनालयाची वेळ जुळत नाही, हे त्याचे उत्तर आहे. एका मिनिटात असे एकच कारण पुरते. ‘दुसरं म्हणजे’ आणि ‘तिसरं म्हणजे’ आले की प्रत्येक कारण एका वाक्यात उरकावे लागते आणि उदाहरणाला जागाच उरत नाही.

उदाहरणात एक माणूस, एक प्रसंग आणि एखादा आकडा असला की ते ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. येथे साडेसहा आणि सहा या दोन वेळांमधला अर्धा तास सगळे काम करतो. मात्र उदाहरण देताना चुलतभाऊ कोणत्या काकांचा, तो पूर्वी काय शिकला, नोकरी कशी लागली हे सांगत बसू नये. जे कारणाला आधार देत नाही, ते कितीही खरे असले तरी गाळावे. घडलेले उदाहरण आठवत नसेल, तर ‘समजा, एखादा मुलगा’ असे स्पष्ट म्हणावे. रचलेला प्रसंग खरा म्हणून सांगितला आणि समोरच्याने त्यावरच पुढचा प्रश्न विचारला, तर सावरणे कठीण जाते.

समारोपाचे वाक्य ‘म्हणून’ने सुरू केले, तर ते आपोआप मुद्द्याकडे वळते, मात्र पहिले वाक्य जसेच्या तसे म्हणू नये. वरील उत्तरात शेवटी ‘नवी इमारत मागण्याआधी’ हे शब्द आल्यामुळे हा उपाय बिनखर्चाचा, निदान कमी खर्चाचा आहे, ही नवी बाजू पुढे आली. ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ हे वाक्य सभेत ठीक आहे, मुलाखतीच्या टेबलावर नाही. समारोप झाला की थांबावे. त्यानंतर सुचलेली चांगली गोष्ट पुढच्या प्रश्नासाठी राहू द्यावी.

ही रचना मत विचारणाऱ्या प्रश्नांसाठी आहे. ‘तुमच्या जिल्ह्यात तालुके किती?’ याला आकडा सांगून थांबावे, आणि उत्तर येत नसेल तर येत नाही असे म्हणावे. सैन्याच्या सेवा निवड मंडळातील लघुभाषणाला तयारीसाठी तीन मिनिटे आणि बोलण्यासाठी तीन मिनिटे मिळतात, त्यामुळे तेथे दोन-तीन कारणे मांडता येतात. भाषणाचा सराव करून घेणाऱ्या टोस्टमास्टर्स क्लबांच्या आयत्या वेळच्या भाषणात एक ते दोन मिनिटांची मुदत असते आणि वेळ दाखवणारा हिरवा दिवा एका मिनिटाला लागतो, म्हणजे तेथे एक मिनिट ही किमान मर्यादा आहे. तेथे जाणाऱ्यांनी उदाहरण लांबवावे, प्रस्तावना नव्हे.

तयार उत्तरांची वही आम्ही का देत नाही, असेही अनेक पालक विचारतात. पाठ केलेल्या उत्तराचा वेग आणि उच्चार बाकीच्या बोलण्यापेक्षा वेगळा असतो आणि मुलाखत घेणाऱ्यांना तो चटकन ओळखू येतो. त्याऐवजी शनिवारच्या सराव तासिकेत प्रत्येकाला आधी न सांगितलेले प्रश्न चिठ्ठीवर मिळतात, उत्तर घड्याळ लावून ध्वनिमुद्रित होते आणि पहिले खरे वाक्य कितव्या सेकंदाला आले, याची नोंद विद्यार्थ्याच्या कार्डावर केली जाते. ज्यांचा आकडा सलग काही आठवडे दहाच्या आत राहतो, त्यांना आम्ही स्वतःहून पुढच्या, म्हणजे उलटतपासणीच्या गटात घेतो. त्यासाठी वेगळे शुल्क नाही.

घरून ध्वनिमुद्रण पाठवताना ते 75 सेकंदांच्या आतले असावे. सोबत प्रश्न लिहावा, उत्तर कागदावर उतरवून रेघ मारलेल्या वाक्याचे छायाचित्र जोडावे आणि ते वाक्य कितव्या सेकंदाला सुरू झाले, तेही लिहावे. एवढे असेल तर उत्तर ऐकून आमची टिपणे दोन दिवसांत मिळतात. 75 सेकंदांहून लांब ध्वनिमुद्रणे आम्ही न ऐकता परत करतो, आणि नव्याने बोललेले उत्तर कितीही वेळा पाठवले तरी ऐकतो.