स्टिरॉइड सोडल्यावर अंग दुखतंय? लगेच ग्रंथी बंद पडली म्हणू नका

"स्टिरॉइड बंद केल्यावर अंग दुखतं, गळून जातं, म्हणजे किडनीवरची ॲड्रिनल ग्रंथी कायमची गेली, आता गोळी आयुष्यभर ना?"

नाही हो. समजा दम्यासाठी कोणी आठ महिने प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेतलं, कमी करत 5 मिग्रॅवर आले आणि सांधे दुखायला लागले, झोप उडाली. शरीराला जास्त डोसची सवय झालेली असते, त्यामुळे कॉर्टिसॉल, म्हणजे ही ग्रंथी स्वतः बनवते ते स्टिरॉइड, नॉर्मल असूनही असं होतं, याला विथड्रॉवल म्हणतात. आणि ॲड्रिनल खरंच झोपलेली असेल तरी लक्षणं बरीचशी तीच, म्हणून नुसत्या अंदाजावर ठरवू नका.

सकाळी 8-9 ला रक्तातलं कॉर्टिसॉल बघतात, आधीचे 24 तास गोळी थांबवून, पण तेही डॉक्टरांना विचारूनच. 10 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तर ग्रंथी जागी आहे, त्रास विथड्रॉवलचा, डोस अजून हळू उतरवायचा. 5 च्या खाली आलं तर गोळी चालूच ठेवायची आणि काही महिन्यांनी परत टेस्ट, कारण बहुतेकांची ग्रंथी सावकाश का होईना जागी होते. मधला आकडा आला तरी छोटा डोस चालू ठेवून परत तपासतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सांगा, त्याने आकडा खोटा वाढतो.

उलट्या, चक्कर, बीपी खाली गेलं तर रिपोर्टची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा आणि स्टिरॉइड चालू होतं हे आधी सांगा.