युरियात रक्तपेशी का फुटते? विसरण आणि परासरण यांतला खरा फरक

दोन परीक्षानळ्या घ्या. एकीत मिठाचं द्रावण, एक लिटरला 9 ग्रॅम या प्रमाणात. दुसरीत युरियाचं, एक लिटरला 18 ग्रॅम. दोन्हींत रक्ताचा एकेक थेंब टाकून नळ्या हलक्या हाताने हलवा. मिठाची नळी लालसर गढूळ होते आणि तशीच राहते. तिच्यामागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येत नाहीत, कारण लाखो तांबड्या रक्तपेशी प्रकाश विखुरत असतात. युरियाची नळीही आधी गढूळच दिसते, पण थोड्याच वेळात ती स्वच्छ, पारदर्शक लाल होते आणि मागची अक्षरं स्पष्ट दिसू लागतात. तिच्यातल्या पेशी फुटलेल्या असतात आणि हिमोग्लोबिन पाण्यात मिसळलेलं असतं.

आता हिशेब पाहू. मिठाचा एक रेणू पाण्यात सोडियम आणि क्लोराइड असा दोन कणांत विभागला जातो, म्हणून 9 ग्रॅम मीठ लिटरभर पाण्यात सुमारे 308 मिलिमोल कण देतं. युरियाचा रेणू अखंड राहतो. त्याचं रेणुवस्तुमान 60, म्हणजे 18 ग्रॅम युरियाचे 300 मिलिमोल कण. रक्तपेशीच्या आतही विरघळलेल्या कणांची एकूण संहती साधारण तेवढीच, 290 च्या आसपास. थोडक्यात, दोन्ही नळ्यांत आत आणि बाहेर कणांची संख्या जवळपास सारखी आहे. पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येवर विसंबलं तर दोन्ही द्रावणं समपरासारी ठरावीत आणि दोन्हींतल्या पेशी धडधाकट राहाव्यात. तरीही एका नळीतल्या पेशी फुटतात. विसरण आणि परासरण यांतला फरक समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही, कारण इथे एकाच पटलावर दोन्ही क्रिया एकामागोमाग घडतात.

आधी विसरण. द्रवातला प्रत्येक रेणू उष्णतेमुळे सतत, दिशाहीन धडपडत असतो. कोणताही रेणू कमी संहतीकडे जायचं ठरवत नाही. जिथे कण जास्त आहेत तिथून जास्त कण बाहेर पडतात, जिथे कमी आहेत तिथून कमी. या वजाबाकीतून जो प्रवाह उरतो त्याला आपण विसरण म्हणतो. त्याला पटल लागत नाही, दाबही लागत नाही. संहती सगळीकडे सारखी झाली की हा उरलेला प्रवाह थांबतो, रेणूंची धडपड मात्र चालूच राहते.

विसरणाचा एक गुण शाळेत फारसा सांगितला जात नाही, तो म्हणजे अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. लहान रेणूला पाण्यात एका पेशीएवढं, म्हणजे 10 मायक्रोमीटर अंतर पार करायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. तोच रेणू एक सेंटिमीटर सरकायला मात्र 12 ते 14 तास घेतो. म्हणूनच भांड्यातल्या पाण्यात शाईचा थेंब टाकून 'हे पाहा विसरण' असं दाखवण्याचा वर्गातला प्रयोग मला पटत नाही. शाई मिनिटाभरात पसरते ती मुख्यतः पाण्यातल्या प्रवाहांमुळे: थेंब पडताना बसलेला धक्का, शाई आणि पाणी यांच्या घनतेतला फरक, तापमानातला थोडासा फरक. शुद्ध विसरण पाहायचं असेल तर अगारच्या घट्ट जेलीवर रंगाचा थेंब ठेवावा. जेलीत प्रवाह तयार होत नाहीत, रंग फक्त विसरणाने सरकतो आणि पहिल्या दिवशी तो किती गेला, चौथ्या दिवशी किती गेला हे पट्टीने मोजता येतं. चौथ्या दिवशी तो चौपट नव्हे, सुमारे दुप्पट गेलेला आढळेल.

परासरणाला पटल लागतंच, आणि तेही निवडक्षम: पाण्याला वाट देणारं, विरघळलेल्या द्राव्याला अडवणारं. द्राव्य अडलेलं असतं, म्हणून पाणी त्या बाजूला जातं. 'परासरण म्हणजे पाण्याचं विसरण' ही ओळ पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. दिशा लक्षात ठेवायला ती पुरेशी आहे, पण दोन ठिकाणी ती अपुरी पडते.

पहिलं ठिकाण वेगाचं. तांबड्या पेशीच्या पटलात पाण्यासाठी खास प्रथिनांच्या अरुंद वाटा असतात. त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. पीटर आग्रे यांच्या गटाने 1992 मध्ये त्यांचं काम सिद्ध केलं आणि 2003 मध्ये आग्रे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दोन्ही बाजूंना द्रावण सारखंच ठेवून, खूण केलेले पाण्याचे रेणू पटलातून किती वेगाने पलीकडे जातात हे मोजता येतं. परासरणाने वाहणारं पाणी या विसरणाच्या हिशेबापेक्षा जास्त वेगाने जातं. अरुंद वाटेतून पाणी सुट्या रेणूंसारखं भटकत नाही, दाबाखाली ढकललं गेल्यासारखं एकामागोमाग सरकतं.

दुसरं ठिकाण शेवटाचं, आणि माझ्या मते मुख्य फरक इथेच आहे. विसरण संहती समान झाल्यावर संपतं. परासरण दाबाने थांबवता येतं, तेही संहती असमान असताना. वनस्पतीची पेशी साध्या पाण्यात ठेवली तर पाणी आत शिरतं, पेशी फुगते आणि पेशीभित्तिका तिला धरून ठेवते. आतला दाब वाढत जातो आणि एका टप्प्यावर पाण्याचा निव्वळ प्रवाह शून्य होतो. त्या वेळीही आत द्राव्य भरपूर असतं आणि बाहेर जवळपास काहीच नसतं. हा दाब लहानसहान नाही. रक्तपेशीच्या आत जेवढे कण आहेत तेवढ्या संहतीचं द्रावण शुद्ध पाण्यासमोर ठेवलं, तर परासरण रोखायला शरीराच्या तापमानाला सुमारे 7 वातावरणांइतका दाब लावावा लागेल. प्राण्यांच्या पेशीला भित्तिका नसते, त्यामुळे असा दाब पेलायची तिची तयारी नसते. तिला बाहेरचं द्रावणच योग्य मिळावं लागतं.

आता पुन्हा युरियाच्या नळीकडे. पेशी द्रावणात पडते त्या क्षणी आत-बाहेर कणांची संख्या सारखी असल्याने पाणी कुठेच सरकत नाही. पण युरिया बाहेर 300 आहे आणि आत जवळपास शून्य. तांबड्या पेशीच्या पटलात युरियासाठीही वाहक प्रथिन असल्याने त्याला अडथळा होत नाही. तो विसरणाने भराभर आत येतो. आत हिमोग्लोबिन, पोटॅशिअम आणि इतर कण आधीपासून आहेत आणि ते बाहेर पडू शकत नाहीत. युरिया आला की आतली बेरीज 300 च्या वर जाते, बाहेरची तेवढीच राहते आणि पाणी युरियाच्या मागोमाग परासरणाने आत येतं. पाणी आल्यावर आतला युरिया पातळ होतो, म्हणून आणखी युरिया येतो, त्यामागे आणखी पाणी.

हे चक्र आपोआप थांबत नाही. युरियाची संहती दोन्हीकडे समान झाली तरी आतले अडकलेले कण शिल्लक राहतात आणि त्यांना तोलणारं बाहेर काहीच नसतं. पटलाच्या दृष्टीने युरियाचं हे द्रावण साध्या पाण्यासारखंच आहे. चपटी पेशी आधी फुगून गोल होते; तोपर्यंत पटलाला ताण बसत नाही, कारण चपट्या आकारात आवरण सैल असतं. गोल झाल्यावर मात्र पटलाचं क्षेत्रफळ जेमतेम तीन-चार टक्केच वाढू शकतं. त्यापुढे ते फाटतं.

मिठाच्या नळीत हे घडत नाही, कारण सोडियमला आत यायची वाट जवळपास बंद असते आणि जो थोडा शिरतो तो पेशीचा पंप बाहेर टाकतो. क्लोराइड पटल ओलांडू शकतं, पण विद्युतभाराचा तोल सांभाळावा लागत असल्याने ते सोडियमला सोडून मोठ्या संख्येने आत जाऊ शकत नाही. म्हणून बाहेरचं सगळं मीठ 'अडलेलं' म्हणून मोजलं जातं आणि आतल्या कणांना तोलून धरतं.

इथे एक शंका रास्त आहे: युरियानेच पटल खराब झालं नसेल कशावरून? तिसरी नळी घ्या. लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ आणि 18 ग्रॅम युरिया दोन्ही घाला. युरिया विषारी असता तर याही नळीतल्या पेशी फुटल्या असत्या. त्या फुटत नाहीत. क्षणभर आकसतात, कारण बाहेर कण दुप्पट आहेत. युरिया आत शिरून समान झाला की त्या मूळ आकारावर येतात. नळी गढूळच राहते. (मानवी रक्ताचे हे प्रयोग वर्गात करू नयेत, रक्तातून संसर्ग होऊ शकतो.)

म्हणून द्रावणाच्या बाटलीवर एकूण कणांचा आकडा लिहिलेला असला तरी तेवढ्यावरून ते समपरासारी आहे की नाही हे सांगता येत नाही. त्यातले कोणते कण समोरच्या पटलापाशी अडतात आणि किती वेळ अडतात, हे विचारावं लागतं. अडणारे कण परासरणाच्या हिशेबात धरायचे, न अडणारे विसरणाच्या. परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' म्हणून जो तक्ता लिहिला जातो, त्यात ही ओळ सहसा नसते.

'किती वेळ' हा शब्दप्रयोग मुद्दाम केला आहे. तांबड्या पेशीच्या पटलातून जो युरिया पटकन जातो, तोच रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर तासनतास घेऊन ओलांडतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात युरिया खूप साठलेला असतो आणि मेंदूतही तो हळूहळू तेवढ्याच पातळीला पोचलेला असतो. डायलिसिसमध्ये युरिया विसरणाने पटलापलीकडच्या द्रवात जातो आणि रक्तातलं प्रमाण भराभर उतरतं. मेंदूतला युरिया तितक्या वेगाने बाहेर येऊ शकत नाही. तेवढा काळ तो तिथे अडलेल्या कणासारखा वागतो आणि पाणी परासरणाने मेंदूत शिरतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, क्वचित झटके, अशी लक्षणं त्यातून दिसू शकतात. युरिया फार वाढलेल्या रुग्णाचं पहिलं डायलिसिस म्हणूनच थोड्या वेळाचं आणि मंद वेगाने केलं जातं, म्हणजे मेंदूतल्या युरियाला विसरणाने बाहेर यायला अवधी मिळतो.