घोड्यांमधील जठरव्रण

घोड्याच्या जठराच्या आतल्या अस्तराला आम्लामुळे पडणाऱ्या जखमांना जठरव्रण किंवा बोलीभाषेत 'घोड्याचा अल्सर' म्हणतात. शर्यतीसाठी तयारी करणाऱ्या थरोब्रेड घोड्यांत तो सर्वाधिक आढळतो. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरचे घोडे याच गटात मोडतात.

कारण घोड्याच्या शरीररचनेतच आहे. चरणाऱ्या घोड्याच्या पोटात दिवसभर थोडाथोडा चारा जात राहतो, म्हणून त्याचे जठर खाणे असो वा नसो, सतत आम्ल स्रवते. ते आम्ल सौम्य करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. जठराचा खालचा भाग ग्रंथियुक्त असून श्लेष्म्याच्या थराने झाकलेला असतो. वरच्या शल्की भागाला तसे संरक्षण नसते. रिकाम्या पोटी घोडा दौडला की पोटातला दाब वाढतो आणि आम्ल वरच्या भागावर उसळते. तबेल्यात दोन वेळा भरपूर चंदी आणि मध्ये लांब उपास, असा दिनक्रम असला की ही वेळ रोज येते.

लक्षणे फसवी असतात. घोडा चंदी अर्धवट सोडतो पण गवत खातो, अंग धरत नाही, केस निस्तेज दिसतात, खोगिराचा तंग आवळताना कान मागे टाकतो किंवा चावायला येतो, कधी चंदीनंतर हलकी पोटदुखी होते. यातले काहीच नसलेल्या घोड्यातही खोल व्रण सापडतात. तंगाची चिडचिड पाठदुखीमुळेही होऊ शकते. म्हणून केवळ लक्षणांवरून औषध सुरू करणे बरे नव्हे. रक्त किंवा लिदीच्या तपासणीतूनही खात्रीचे निदान होत नाही. त्यासाठी गॅस्ट्रोस्कोपीच करावी लागते.

त्यासाठी घोडा साधारण १२ ते १६ तास उपाशी ठेवतात, गुंगीचे इंजेक्शन देतात आणि सुमारे ३ मीटर लांबीची दुर्बीण नाकपुडीतून जठरात उतरवतात. दोन्ही भागांमधली सीमा, मार्गो प्लिकॅटस, ही पाहण्याची मुख्य जागा. शल्की भागातील दोषाला ० ते ४ श्रेणी देतात: अस्तर अखंड पण पिवळसर, जाडसर झाले असेल तर १, लहान जखमा २, मोठ्या किंवा पसरलेल्या उथळ जखमा ३ आणि खोल, विस्तृत व्रण ४. ग्रंथियुक्त भागातले बदल मुख्यतः जठर आतड्यात उघडते त्या तोंडाशी, पायलोरसजवळ असतात. लाली, उंचवटा, रक्तस्राव, पिवळट थर असे त्यांचे शब्दांत वर्णन करतात, कारण श्रेणीवरून तिथे फारसा बोध होत नाही. पायलोरसपर्यंत न पोहोचलेली तपासणी अपुरी समजावी.

मुख्य औषध ओमेप्राझोल. ते आम्लाची निर्मिती रोखते, पण आम्लातच ते नष्ट होत असल्याने आवरणयुक्त किंवा बफरयुक्त पेस्टच लागते. भरल्या पोटी त्याचे शोषण कमी होते. इथेच पेच येतो: औषधाला रिकामे पोट हवे आणि जठराला चारा. उलगडा वेळापत्रकात आहे.

४५० किलोचा शर्यतीचा घोडा घेऊ. शल्की भागात श्रेणी ३ चा व्रण आहे. किलोला ४ मिलिग्रॅमप्रमाणे त्याला रोज १,८०० मिलिग्रॅम ओमेप्राझोल लागते. घोडा पहाटेपूर्वी तसाही कमी खातो आणि दौडत नाही, त्यामुळे रात्रीचे गवत संपून काही तास गेल्यावर, पहाटे साडेचारला पेस्ट देतात. पाऊण-एक तासाने थोडे वाळके गवत किंवा लसूणघास घालतात आणि मगच खोगीर चढवतात. चावल्यामुळे लाळ सुटते, आणि जठरात तरंगणारा चारा आम्ल वर उसळू देत नाही. लसूणघासातले कॅल्शियम आणि प्रथिने आम्ल शमवायलाही मदत करतात.

उरलेल्या दिवसात चाऱ्याशिवाय सहा तासांहून जास्त वेळ जाऊ देत नाहीत. या घोड्याला रोज किमान पावणेसात किलो कोरडा चारा, म्हणजे साडेसात-आठ किलो वाळके गवत लागते. फक्त पेंढा देऊन भागत नाही. उलट धोका वाढतो. स्टार्च एका वेळी घोड्याच्या वजनाच्या किलोमागे १ ग्रॅम आणि दिवसाला २ ग्रॅम, ही मर्यादा. ओटच्या हिशेबात ती वेळेला साधारण एक किलो भरते. कमी पडणारी ऊर्जा तेलातून देता येते.

शल्की व्रण बहुधा तीन-चार आठवड्यांत भरतात. ग्रंथियुक्त व्रण हट्टी असतात: तिथे ओमेप्राझोल एकटे बरेचदा पुरत नाही, म्हणून जोडीला व्रणावर थर धरणारे सुक्राल्फेट, किलोला १२ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ओमेप्राझोलनंतर तासाभराने देतात आणि आठवड्यातून किमान दोन दिवस कामाला सुट्टी ठेवतात. उपचार थांबवण्याआधी दुर्बिणीने पुन्हा पाहतात, कारण भूक आणि वागणूक सुधारली तरी जखम भरलेली नसू शकते. औषध बंद झाल्यावर आम्ल पूर्ववत होते. चंदीचा जुना दिनक्रम तसाच असेल तर व्रण परततात.